ते दहाचं साडेनऊ कर

माझं पुण्यात झेरॉक्स आणि मराठी टायपिंगचं लहानसं दुकान आहे. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, सोसायटीच्या नोटिसा, असलं दिवसभर चालू असतं. त्यामुळे घरात कुणाला अर्ज करायचा असला की फोन मलाच येतो. जून २०२४ मध्ये आमच्या नानांचा आला. नाना म्हणजे माझे थोरले चुलते, सातारा जिल्ह्यात गावी असतात. एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र गेले, त्याची तक्रार लिहायची होती. "मी सांगतो, तू फक्त टाइप कर," एवढं बोलून त्यांनी शुक्रवारी, २८ जूनला संध्याकाळी, व्हॉट्सअ‍ॅपवर पावणेसात मिनिटांचा निरोप बोलून पाठवला.

फक्त टाइप करण्यासारखं त्यात काही नव्हतं. सुरुवातीचा तुकडा जसाच्या तसा देते, फक्त एक गोष्ट गाळली आहे, ती का ते पुढे येईल.

"हां, घे लिहून. प्रति, त्या बँकेचे मॅनेजर... नको, आपल्याच बँकेचे घाल. साहेब नाही, बाई आहेत आता, बदलून आल्यात. तर मी त्या मंगळवारी, सोमवारी... थांब, मंगळवारीच, एटीएमला गेलो. दहा वाजता. दहा हजार टाकले. नुसतं खडखड खडखड झालं आणि गप्प. एक नोट बाहेर नाही! हे लिही हं. अगं, ती चिठ्ठी कुठं ठेवलीस मशिनची? डब्यात बघ. तर पैसे नाहीत, आणि मोबाइलवर कापले म्हणून मेसेज. पिन बरोबरच टाकला होता मी. तो वॉचमन म्हणाला, सकाळपासनं दोघातिघांचं असंच झालंय, पण त्याचं नाव घेऊ नको, गरीब पोरगं आहे. आणि ते दहाचं साडेनऊ कर. मग बँकेत गेलो तर म्हणे थांबा. पुन्हा गेलो तर म्हणे मशिन आमचं नाही. परवा त्या बँकेत गेलो तर ते म्हणे तुमच्या बँकेत जा. चोर आहेत सगळे. हे नको लिहू. नाही, लिही."

पूर्वी मी अशा वेळी ऐकता ऐकता डोक्यातच साफ करून थेट पत्र टाइप करायची. त्यात एकदा चांगलीच फसले होते, म्हणून आता आधी सगळं शब्दन् शब्द कागदावर उतरवते, "अगं" आणि "थांब" सकट. पावणेसात मिनिटांचं बोलणं उतरवायला तासभर गेला. पानाच्या उजवीकडे चार बोटं जागा मोकळी सोडली आणि प्रत्येक वाक्याशेजारी एक अक्षर लिहिलं. पत्रात जाणारा मजकूर असेल तर म, आधीच्या मजकुराची दुरुस्ती असेल तर दु, मला दिलेली सूचना असेल तर सू, आणि काकूंशी चाललेलं बोलणं असेल तर ग, म्हणजे गप्पा. हे लिहिताना कळतं की बोलणारा माणूस एकाच दमात तीन जणांशी बोलत असतो. मॅनेजरबाईंशी, माझ्याशी आणि स्वयंपाकघराशी.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते "दु"नं. बोलण्यात दुरुस्ती झाली की नंतरचं खरं धरायचं, असा आपला साधा हिशेब असतो. पण "ते दहाचं साडेनऊ कर" या वाक्याला वर दोन दहा होते. दहा वाजता आणि दहा हजार. वेळ साडेनऊ करायची, की रक्कम साडेनऊ हजार? वेळच असणार असं वाटतं, पण यंत्रानं पाचशेची एखादी नोट दिली असती तर साडेनऊ हजारही बसलं असतं. अंदाजानं ठरवण्यासारखी ही गोष्ट नव्हे. रक्कम चुकली तर तक्रारच चुकते. मी काकूंना बँकेच्या मेसेजचा फोटो पाठवायला सांगितला. त्यात दहा हजार रुपये, तारीख १० जून आणि वेळ ९ वाजून ४१ मिनिटं असं स्वच्छ होतं. म्हणजे साडेनऊ ही वेळच, आणि पत्रात साडेनऊही नको, ९.४१ हवं. यंत्राच्या नोंदीत व्यवहार शोधताना नेमकी वेळ कामी येते.

आता मेसेजमधली १० जून ही तारीख कॅलेंडरवर सोमवार निघाली. नाना तर दोनदा घुटमळून शेवटी "मंगळवारीच" म्हणाले होते. नंतरचं ते खरं, हा नियम इथेही आपटला. पण मंगळवार त्यांनी हवेतून आणला नसणार, म्हणून फोन केला.

"नाना, मंगळवारी काय झालं होतं?"

"मंगळवारी बँकेत गेलो ना मी. दुसऱ्यांदा."

"पण निरोपात पुढं तुम्ही म्हणालात, पुढच्या सोमवारी गेलो."

थोडा वेळ गेला. मी तोवर १७ जूनचा रकाना बघितला. बकरी ईद होती, बँका बंद. हे सांगितल्यावर नाना हसायलाच लागले. "अगं हो की! सोमवारी गेलो तर शटर खाली. हात हलवत परत आलो आणि दुसऱ्या दिवशी गेलो." तर मंगळवार होता १८ जूनचा, बँकेतल्या दुसऱ्या फेरीचा, आणि बोलताना तो उडी मारून पैसे काढायच्या दिवसाला जाऊन चिकटला होता. मी जर १७ जूनला शाखेत भेटल्याचं लिहिलं असतं, तर सुट्टीच्या दिवशी भेट झाल्याचा दावा केलेलं पत्र तयार झालं असतं, आणि मग बाकीच्या तारखांवर कोण विश्वास ठेवणार?

तसाच तिसरा घोळ "परवा"चा. निरोप २८ जूनचा, म्हणजे परवा २६ जूनला. पण आपल्याकडे परवा म्हणजे दोन दिवसांपूर्वी, दोन दिवसांनी, किंवा सरळ "अलीकडे कधीतरी". नानांना आठवेना. काकूंनी मागून सांगितलं, वटपौर्णिमा शुक्रवारी झाली, तिच्यानंतरच्या सोमवारी गेले होते, मी डबा दिला होता. वटपौर्णिमा २१ जूनची, म्हणजे २४ जून. "काल", "परवा", "मागच्या आठवड्यात" असं काही बोलीतून आलं की मी त्याला तारीख मिळाल्याशिवाय पत्रात घेत नाही. पत्र बँकेत कधी वाचलं जाईल, कुणाला ठाऊक?

गप्पांकडे वळूया. "ग" लिहिलेल्या ओळी आधी खोडून टाकाव्याशा वाटतात, पण माझा सगळ्यात कामाचा पुरावा तिथेच सापडला. "ती चिठ्ठी कुठं ठेवलीस मशिनची?" म्हणजे यंत्रातून पावती आली होती! नानांनी ती पत्रासाठी सांगितलीच नाही, कारण "त्यावर पैसे मिळाले नाहीत असं कुठं लिहिलंय?" ती डब्यातच होती, पण डबा गॅसच्या शेगडीला लागून. एटीएमची पावती थर्मल कागदाची असते, उष्णतेनं काळवंडते आणि नुसती ठेवली तरी पुसट होत जाते. अर्धी काळी झाली होती. सुदैवानं एटीएमचा क्रमांक आणि व्यवहाराचा क्रमांक वाचता येत होता. तिची लगेच झेरॉक्स काढून घ्यायला सांगितलं.

वॉचमनचं वाक्य मात्र वेगळ्या तऱ्हेनं कामी आलं. "दोघातिघांचं असंच झालं" हे ऐकीव आहे, ते पत्रात तसंच्या तसं लिहिलं तर बँक विचारणार कुणाचं, आणि नाव तर घ्यायचं नाही. पण नोट बाहेर पडली नसेल तर ती यंत्रातच राहते, आणि रोकड मोजताना तेवढी रक्कम जास्त भरते. तेव्हा वॉचमनला बाजूला ठेवून मी मागणी लिहिली, की त्या दिवसाची यंत्राची नोंद आणि रोकडीचा ताळमेळ तपासावा. पोराचं नाव नाही, आणि त्याच्या बोलण्यातलं जे तपासता येतं ते आलं.

गाळलेली गोष्ट आता सांगते. "पिन बरोबरच टाकला होता" याच्या पुढे नानांनी पिन म्हणून दाखवला होता, चारही आकडे, ठणठणीत आवाजात. मी तो उतरवून घेतला नाही, निरोप दोघांच्या फोनमधून पुसायला लावला आणि दुसऱ्या दिवशी पिन बदलून घ्यायला लावला. आपल्या बँकेला लिहितानासुद्धा पिन, ओटीपी किंवा कार्डाच्या मागचे तीन आकडे कधी लागत नाहीत. खातेक्रमांक आणि कार्डाचे शेवटचे चार अंक पुरतात. खातेक्रमांकही मी ऐकून लिहीत नाही. नाना जोड्यांनी बोलतात, "साठ सात" म्हणजे ६०७ की ६७ याचा पत्ता लागत नाही, आणि सदतीस, सदुसष्ट तर फोनवर एकसारखेच ऐकू येतात. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवायचा, बस.

मग प्रश्न आला पत्र कुणाला. नानांचंही यात दोनदा मत बदललं होतं. यंत्र दुसऱ्या बँकेचं, म्हणून त्यांची बँक म्हणत होती तिकडे जा, आणि तिकडचे म्हणत होते इकडे जा. यंत्र कुणाचंही असो, तक्रार करायची ती आपलं कार्ड ज्या बँकेनं दिलं तिच्याकडे. समोरच्या बँकेकडून नोंदी मागवणं हे तिचं काम. म्हणजे "आपल्याच बँकेचे घाल" हे नानांचं म्हणणं बरोबर होतं, कारण मात्र त्यांना माहीत नव्हतं.

आणि भरपाई. नाना म्हणाले होते, "रोजचे शंभर मिळतात म्हणे, एकवीस दिवसांचे एकवीसशे लाव." रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. पैसे न मिळता खात्यातून गेले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेनं स्वतःहून ते परत जमा करायचे, आणि त्यापुढच्या उशिराला रोज १०० रुपये. १० जूनचा व्यवहार, म्हणून मुदत १५ जूनपर्यंत. उशीर १६ जूनपासून. ३० जूनअखेर १५ दिवस, १५०० रुपये. एकवीसशे मागितले असते तर बँकेला उत्तर द्यायला आयती जागा मिळाली असती, की अर्जदाराचा हिशेब चुकीचा आहे.

एवढं झाल्यावर मी पत्र लिहिलं आणि फोनवर नानांना वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य असं होतं: "सदर यंत्राद्वारे रोख रक्कम वितरित न होता उपरोक्त खात्यातून रक्कम वजा करण्यात आल्याचे निदर्शनास आले." नाना गप्प. मग म्हणाले, "हे पत्र कुणाचं आहे?"

"तुमचंच की."

"मग मी कुठं आहे यात?"

दिवसभर नोटिसा टाइप करून माझा हात त्याच वळणावर जातो, हे खरं आहे. आणि या "करण्यात आले"त नुसता कोरडेपणा नाही, एक खोट आहे. कोणी केलं हे त्यात हरवतं. कुणाच्या "निदर्शनास आले"? नानांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं ते. शुद्ध लिहायचं म्हणजे माणूस पुसायचा असं नाही. मी ते वाक्य खोडलं आणि नानांचं खडखड परत आणलं. तो आवाज उगाच नटवण्यासाठी नाही. खडखड झाली म्हणजे यंत्रानं नोटा मोजायला घेतल्या होत्या, व्यवहार पुढे गेला होता. तो पुराव्याचाच भाग आहे.

"चोर आहेत सगळे" मात्र गेलं, "लिही" म्हटलं असूनही. त्या ओळीखाली जे घडलं होतं, म्हणजे तीन फेऱ्या आणि तीन वेगवेगळी उत्तरं, ते तारखांसकट लिहिलं की चोर म्हणायची गरज राहत नाही. औषधं उधारीवर आणावी लागली हेही मी वगळलं, कारण मागणी नियमावर उभी आहे, दयेवर नाही. यावर नाना रुसले. मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं, पण ते वाक्य त्यांचं होतं हेही खरं.

शेवटी गेलेलं पत्र हे. नाव, पत्ते आणि क्रमांक गाळले आहेत.

दिनांक : १ जुलै २०२४

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक

विषय : एटीएममधून रक्कम न मिळता खात्यातून वजा झालेले १०,००० रुपये परत मिळणे व विलंबाची भरपाई मिळणेबाबत.

महोदया,

आपल्या शाखेत माझे बचत खाते आहे. सोमवार, दि. १० जून २०२४ रोजी सकाळी ९.४१ वाजता मी आपल्या बँकेचे कार्ड वापरून दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून १०,००० रुपये काढण्याचा प्रयत्न केला. यंत्रातून नोटा मोजल्यासारखा खडखड आवाज आला, परंतु एकही नोट बाहेर आली नाही. त्याच वेळी खात्यातून १०,००० रुपये वजा झाल्याचा संदेश मला मोबाइलवर आला. एटीएमचा व व्यवहाराचा क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे.

दि. १२ जून रोजी मी आपल्या शाखेत आलो, तेव्हा चार-पाच दिवस थांबण्यास सांगितले गेले. दि. १८ जून रोजी पुन्हा आलो, तेव्हा यंत्र ज्या बँकेचे आहे तेथे जाण्यास सांगितले गेले. त्याप्रमाणे दि. २४ जून रोजी मी त्या बँकेत गेलो. त्यांनी कार्ड देणाऱ्या बँकेकडे, म्हणजे आपल्याकडे, अर्ज करण्यास सांगितले. आजपर्यंत रक्कम जमा झालेली नाही.

रिझर्व्ह बँकेच्या दि. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ही रक्कम दि. १५ जूनपर्यंत जमा होणे आवश्यक होते. त्यानंतरच्या विलंबासाठी प्रतिदिन १०० रुपये भरपाई देय आहे. दि. ३० जूनअखेर हा विलंब १५ दिवसांचा असून भरपाई १,५०० रुपये होते.

तरी १०,००० रुपये व रक्कम जमा होण्याच्या दिवसापर्यंतची भरपाई माझ्या खात्यात जमा करावी. आवश्यक वाटल्यास संबंधित बँकेकडून त्या दिवसाची यंत्राची नोंद व रोकडीचा ताळमेळ मागवून तपासावा. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करीन.

आपला,
(सही)

सोबत : मोबाइलवरील संदेशाची प्रत, एटीएम पावतीची छायाप्रत, पासबुकाच्या संबंधित पानाची छायाप्रत.

"सांगितले गेले" दोनदा राहिलंय, मला दिसतंय. तिथे कोण बोललं हे नानांना नावानं सांगता येत नव्हतं, आणि खिडकीवरच्या कुणावर तरी अंदाजानं बोट ठेवण्यापेक्षा ते बरं वाटलं. लोकपालांचं वाक्यही धमकी म्हणून नाही. तिकडे जायचं तर आधी बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवस थांबावं लागतं, आणि ते दिवस बँकेला पत्र मिळाल्यापासून मोजतात. म्हणून नानांना पत्राच्या दोन प्रती न्यायला सांगितल्या, एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच उठायचं. नानांनी शिक्का पुसट आला म्हणून तो दोनदा मारून घेतला, असं काकू सांगतात.

८ जुलैला, सोमवारी, दहा हजार जमा झाले. भरपाईचे तेवीस दिवसांचे २,३०० आले नाहीत. त्याच संध्याकाळी नानांचा नवा निरोप आला, दोन मिनिटांचा. सुरुवात अशी होती : "हां, घे लिहून. आधी हे लिहू नको, पण..."